स्टॉप-लॉस लावून झोपता येतं का? अमेरिकी शेअर आणि आपली रात्र



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्या भगिनी मला भेटल्या. दिवसभर नोकरी, संध्याकाळी घर, आणि रात्री त्या अमेरिकेतले शेअर घेतात-विकतात. त्यांनी विचारलं, "सर, मी प्रत्येक शेअरला स्टॉप-लॉस लावते आणि झोपते. म्हणजे मी सुरक्षित आहे ना?" मी त्यांना म्हटलं, याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, पुढच्या वेळी देतो. तर आजचं व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी घड्याळ नीट समजून घेऊ. न्यूयॉर्कचा शेअर बाजार आणि नॅसडॅक यांचं नियमित सत्र तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी ९:३० ते दुपारी ४ असं चालतं. उन्हाळ्यात अमेरिकन लोक घड्याळ एक तास पुढे करतात, आपण करत नाही. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तो बाजार आपल्याकडे संध्याकाळी ७ ते रात्री १:३० असा असतो, आणि उरलेले सुमारे चार महिने रात्री ८ ते २:३०. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मी सवयीने ७ वाजता चहा घेऊन बसलो आणि आकडे का हलत नाहीत म्हणून इंटरनेटवाल्याला फोन लावला. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आता या नियमित सत्राच्या दोन्ही बाजूंना शेपट्या आहेत. सत्राआधी काही तास आणि सत्रानंतर चार तास थोडाफार व्यवहार चालू असतो. त्याला प्री-मार्केट आणि आफ्टर-अवर्स म्हणतात. तिथे गर्दी कमी असते, घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात अंतर जास्त असतं. आणि नेमक्या याच वेळात मोठ्या कंपन्या आपले तिमाही निकाल सांगतात. आपल्याकडे अनेक कंपन्यांचे निकाल बाजार चालू असतानाच येतात. तिकडची पद्धत अशी की बाजार बंद झाल्यावर किंवा उघडण्याआधी सांगायचं, म्हणजे लोकांना वाचायला वेळ मिळतो. हेतू चांगला आहे. पण आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की सर्वांत महत्त्वाची बातमी बहुतेक वेळा पहाटे दीड ते पावणेतीनच्या सुमारास येते, म्हणजे आपण गाढ झोपेत असताना.

आता मूळ प्रश्न. स्टॉप-लॉस म्हणजे नक्की काय?

आपल्या मनात चित्र असं असतं, की शेअर ३२३ डॉलरवर आहे, मी ३०० वर स्टॉप लावला, म्हणजे ३०० ला एक भिंत बांधली. भाव घसरत घसरत आला की भिंतीला टेकेल आणि माझा शेअर ३०० ला विकला जाईल. हे चित्र चुकीचं आहे. स्टॉप ही भिंत नाही, ती एक सूचना आहे. सूचना अशी: "भाव ३०० किंवा त्याखाली गेला, की मिळेल त्या भावाला विकून टाक." यातल्या "मिळेल त्या भावाला" या शब्दांकडे आपलं लक्ष जात नाही. ३०० हा आकडा फक्त रखवालदाराला जागं करतो. जागा झाल्यावर त्याला बाजारात काय भाव मिळेल, याबद्दल त्या आकड्याने काहीच वचन दिलेलं नसतं.

दिवसा हा फरक जाणवत नाही, कारण भाव उतारावरून चालत येतो: ३०२, ३०१, ३००, २९९.९०. रखवालदार उठतो, २९९.८० ला विकतो, आपण म्हणतो वा! पण रात्री भाव उतारावरून येत नाही, गच्चीवरून उडी मारतो. काल ३२३, आज सकाळी २४४. मधल्या भावांना नियमित सत्रात एकही व्यवहार झालेला नसतो. ३०० ला घेणारा कोणी उभाच नव्हता, तर विकणार कोणाला? या उडीला बाजारात गॅप म्हणतात.

हे आकडे मी मनाने सांगितले नाहीत. बुधवार, २ फेब्रुवारी २०२२. फेसबुकची मालक कंपनी मेटा. त्या दिवशी शेअर ३२३ डॉलरवर बंद झाला. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट, २:३० वाजले होते. थोड्याच वेळात निकाल आले. फेसबुक रोज वापरणाऱ्यांची संख्या आधीच्या तिमाहीपेक्षा प्रथमच किंचित कमी झाली होती. शिवाय कंपनीने सांगितलं, की ॲपलने आयफोनवर गोपनीयतेचे जे नवे नियम आणले, त्यामुळे त्या वर्षी जाहिरातीच्या उत्पन्नाला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. आफ्टर-अवर्समध्ये भाव काही मिनिटांत कोसळला. गुरुवारी रात्री ८ वाजता नियमित सत्र उघडलं ते २४४.६५ डॉलरला, आणि बंद झालं २३७.७६ ला. एका दिवसात २६ टक्क्यांहून जास्त घसरण.

समजा, तुमच्याकडे त्याचे १० शेअर होते आणि ३०० ला स्टॉप लावून तुम्ही झोपलात. तुमच्या वहीत जास्तीत जास्त तोटा लिहिलेला आहे: २३ गुणिले १०, म्हणजे २३० डॉलर. प्रत्यक्षात काय झालं? बहुतेक ब्रोकरांकडे स्टॉप ऑर्डर फक्त नियमित सत्रातच जागी होते, त्यामुळे पहाटेच्या पडझडीत ती झोपलेलीच राहिली. रात्री ८ ला बाजार उघडला, भाव ३०० च्या खाली आहे हे तिला दिसलं, आणि तिने साधारण २४४.६५ ला विकलं. तोटा ७८.३५ गुणिले १०, म्हणजे ७८३ डॉलर ५० सेंट. ठरवलेल्या तोट्याच्या जवळजवळ साडेतीनपट! आणि यात ब्रोकरची चूक नाही, यंत्राची चूक नाही. स्टॉप ऑर्डरने आपलं काम अगदी चोख केलं.

इथे कोणी हुशार श्रोता म्हणेल, "सर, मग स्टॉप-लिमिट लावावी." म्हणजे ३०० ला जागी हो, पण २९५ च्या खाली विकू नकोस. लावून बघा. रात्री ८ वाजता ती जागी झाली, २९५ ला विकायला उभी राहिली, आणि बाजार २४४ ला. दिवसभरात भाव ३०० च्या जवळपासही फिरकला नाही. ऑर्डर तशीच उभी राहिली आणि १० शेअर तुमच्याकडेच राहिले, आता २३७.७६ ला. साधी स्टॉप ऑर्डर भावाची हमी देत नाही, आणि स्टॉप-लिमिट विक्रीची हमी देत नाही. दोन्ही हमी एकदम देणारी ऑर्डर या दोन्हींत नाही, कारण २९५ ला घेणारा माणूसच जर नसेल, तर कोणतीही सूचना त्याला निर्माण करू शकत नाही.

मग माणसाने काय करावं? रात्रभर जागावं?

मी ते करून पाहिलं आहे. निवृत्तीनंतर एक हिवाळाभर मी निकालाच्या रात्री पावणेतीनपर्यंत जागत होतो. आमच्या सौ. एकदा पाणी प्यायला उठल्या, मला त्या निळ्या उजेडात बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही निवृत्त नेमके कशातून झालात? झोपेतून?" मी हसण्यावारी नेलं. पण नंतर मी वही तपासली. पहाटे केलेल्या व्यवहारांपैकी बहुतेक मी दुसऱ्या दिवशी दुपारी केले नसते. आपल्याकडे लग्नानंतर जागरण-गोंधळ घालतात. बाजारात जागरण झालं, की गोंधळ आपोआप होतो. शिवाय जागून उपयोग मर्यादित. निकाल आल्यानंतर काही सेकंदांत भाव हलून गेलेला असतो. तुम्ही पहिलं पान वाचेपर्यंत उडी मारून झालेली असते.

म्हणून उत्तर वेगळीकडे शोधायला पाहिजे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याची सगळी शिकवण एका विभागणीपासून सुरू होते: काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. पहिल्या कोणत्या आणि दुसऱ्या कोणत्या, हे ओळखा. मी हे तीस वर्षं वर्गात शिकवलं, पण त्याचा इतका रोकडा उपयोग मला सत्तरीत कळला. उद्या बाजार कोणत्या भावाला उघडेल, हे माझ्या हातात नाही. आज झोपताना माझ्याकडे किती शेअर आहेत, हे मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे. स्टॉप लावताना आपण भावावर लगाम घालायला जातो. रात्रीचा लगाम संख्येवर घालायचा असतो.

हिशेब सोपा आहे. समजा, तुमचं अमेरिकेतलं एकूण भांडवल १०,००० डॉलर. एका शेअरने एका रात्रीत जास्तीत जास्त किती नेलं तरी तुमची झोप उडणार नाही? समजा २ टक्के, म्हणजे २०० डॉलर. आता दुसरा आकडा: हा शेअर एका रात्रीत किती उडी मारू शकतो? साध्या रात्रीसाठी आपण १० टक्के धरू, निकालाच्या रात्रीसाठी २५ टक्के. हे माझे अंदाज आहेत, नियम नव्हेत. ज्याने त्याने आपल्या शेअरचा इतिहास बघून ठरवावेत. आता भागाकार करा. साध्या रात्री २०० भागिले ०.१०, म्हणजे २,००० डॉलरचा माल ठेवता येईल. ३२३ च्या भावाने ६ शेअर. निकालाच्या रात्री २०० भागिले ०.२५, म्हणजे ८०० डॉलर. दोनच शेअर.

म्हणजे २ फेब्रुवारीला संध्याकाळी काय करायचं होतं? स्टॉप कुठे लावू याचा विचार नाही, तर ६ पैकी ४ शेअर विकायचे आणि २ ठेवून झोपायचं. दुसऱ्या रात्री उघडल्या भावाला तोटा १५६ डॉलर ७० सेंट. दुःख झालं असतं, पण ते आधी मान्य केलेल्या २०० च्या आतलं. आणि हे विसरू नका, की उडी वरही मारली जाते. बरोबर एका वर्षाने, २ फेब्रुवारी २०२३ ला, याच शेअरने निकालानंतर एका दिवसात सुमारे २३ टक्के वाढ दाखवली. दोनच शेअर ठेवणाऱ्याला त्या दिवशी हळहळ वाटली असणार. झोपेची ही किंमत आहे, आणि ती मोजावी लागते.

आता या हिशेबाची मर्यादा सांगतो, कारण ती लपवली तर मी तुम्हाला फसवलं असं होईल. २५ टक्के हा आकडा कुठून आणायचा? लोक मागचे सात-आठ निकाल बघतात. २०२२ च्या सुरुवातीला मेटाचे मागचे आठ निकाल पाहिले असते, तर जुलै २०१८ दिसलाच नसता. तेव्हा हाच शेअर निकालानंतर एका दिवसात सुमारे १९ टक्के पडला होता. आणि २०१८ पर्यंत मागे गेला असतात तरी १९ च मिळाले असते. पुढे घडले ते २६. ह्यूमने अनुमानाबद्दल जी शंका घेतली, ती हीच: आजवरचं सर्वांत वाईट हे उद्याच्या वाईटाची सीमा नसते. म्हणून इतिहास जितका लांबचा मिळेल तितका बघा, आणि सर्वांत मोठ्या उडीपेक्षा थोडा मोठा आकडा धरा. आणि लहान औषध कंपन्यांसारखे शेअर, ज्यांचं सगळं भवितव्य एका चाचणीच्या निकालावर असतं, ते एका रात्रीत निम्म्याहून खाली येऊ शकतात. तिथे २५ टक्क्यांचा हिशेब लावू नये.

एक दिलासा मात्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या ज्या एलआरएस योजनेखाली आपण बाहेर पैसे पाठवतो, तीत परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी किंवा मार्जिन कॉलसाठी पैसे पाठवायला परवानगी नाही. म्हणजे उधारीवर शेअर घेणं तिथे बसत नाही. पूर्ण पैसे देऊन घेतलेला शेअर कितीही पडला, तरी गुंतवलेल्या रकमेपेक्षा जास्त जात नाही. गॅपमध्ये खरे बुडतात ते उधारीवर खेळणारे.

आतापर्यंत विकण्याबद्दल बोललो. झोपताना लोक आणखी एक ऑर्डर लावून ठेवतात: स्वस्तात खरेदीची. शेअर १०० वर आहे, ९२ ला मिळाला तर घेऊ, लिमिट ऑर्डर लावली, झोपलो. लिमिट असल्यामुळे ९२ पेक्षा जास्त द्यावे लागणार नाहीत. किती निरुपद्रवी दिसते! यात माझा स्वतःचा पाय घसरला, म्हणून सविस्तर सांगतो.

ऑर्डर भरताना एक छोटा चौकोन असतो: नियमित सत्राबाहेरही ऑर्डर चालू ठेवायची का? मी त्यावर बरोबरची खूण केली होती, संधी सुटू नये म्हणून. ९२ ला २० शेअर. पहाटे ५ वाजता उठलो तर मोबाइलवर निरोप: ऑर्डर पूर्ण झाली. मला वाटलं, काय नेम धरला आहे! मग भाव बघितला, तर ८१. निकाल वाईट आले होते. भाव खाली कोसळताना वाटेत माझी ऑर्डर ९२ ला उभी होती. ज्याने बातमी वाचली होती त्याने आपले शेअर मला विकले, ज्याने वाचली नव्हती. अकरा डॉलर गुणिले २०, म्हणजे २२० डॉलर झोपेतच गेले.

तो चौकोन मोकळा ठेवला असता तर? ऑर्डर नियमित सत्र उघडेपर्यंत थांबली असती. बाजार ८१ ला उघडला असता, तर मला साधारण ८१ लाच शेअर मिळाले असते, कारण लिमिट म्हणजे "९२ किंवा त्याहून कमी". शिवाय त्याआधीची अख्खी दुपार आणि संध्याकाळ माझ्याकडे होती. बातमी वाचून ऑर्डर रद्द करता आली असती. एका खुणेचा हा फरक. म्हणून माझा नियम असा, की झोपताना लावलेली कोणतीही ऑर्डर फक्त नियमित सत्रापुरती. आणि निकालाच्या आदल्या संध्याकाळी खरेदीच्या सगळ्या जुन्या ऑर्डरी काढून टाकायच्या. झोपलेल्या माणसाची खरेदीची ऑर्डर म्हणजे उघड्या दारातला दिवा. कोण आत येईल, हे तो निवडू शकत नाही.

आता माझी संध्याकाळ सांगतो. तुम्ही आपापल्या सोयीने बदला. मी बाजार उघडल्यापासून पहिला अर्धा तास काही करत नाही. त्या वेळात भाव इकडून तिकडे फेकले जातात. २४ ऑगस्ट २०१५ ला तर उघडल्यानंतर काही मिनिटांत डाऊ निर्देशांक जवळजवळ १,१०० अंक खाली गेला होता, आणि कित्येकांच्या स्टॉप ऑर्डरी अशा भावांना विकल्या गेल्या, जे दिवसभरात पुन्हा दिसलेही नाहीत. अर्ध्या तासानंतर, म्हणजे उन्हाळ्यात ७:३० ला आणि हिवाळ्यात ८:३० ला, मी बसतो. पहिलं काम: माझ्याकडच्या कोणत्या कंपनीचा निकाल आज बाजारानंतर किंवा उद्या उघडण्याआधी आहे, हे कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर बघतो. निकाल असेल तर संख्या ८०० डॉलरच्या हिशेबात बसवतो. दुसरं: उभ्या ऑर्डरी तपासतो. तिसरं: जे घ्यायचं-विकायचं ते लिमिट ऑर्डरने. मग साडेनऊला यंत्र बंद, जेवण झालेलं असतंच, दहाला झोप. बाजार पुढे साडेतीन ते साडेचार तास चालू असतो, चालू दे.

उभ्या ऑर्डरींबद्दल दोन बारीक गोष्टी. ‘डे’ प्रकारची ऑर्डर त्या दिवसाचं सत्र संपलं की मरते. रद्द करेपर्यंत चालू राहणारी ती जीटीसी. पण तिलाही ब्रोकरने ठरवलेली मुदत असते, आणि ती संपल्यावर स्टॉप गुपचूप नाहीसा होतो. म्हणून मुदतीची तारीख वहीत लिहा. दुसरी गोष्ट, आपल्याकडे अनेक जण शेअरचा तुकडा घेतात, अर्धा किंवा पाव. काही ठिकाणी तुकड्याला स्टॉप किंवा जीटीसी लावता येत नाही. तुकड्याचीच एक छोटी ऑर्डर लावून आधी खात्री करून घ्या.

शेवटी त्या भगिनींना उत्तर देतो. स्टॉप-लॉस काढू नका. दिवसाच्या, म्हणजे आपल्या रात्रीच्या, सत्रात भाव हळूहळू घसरला तर तो तुम्हाला वाचवतो, आणि तुम्ही झोपलेल्या असताना हे काम तोच करू शकतो. पण बाजार बंद असताना तो पहाऱ्यावर नसतो. त्या वेळचा पहारा म्हणजे तुम्ही संध्याकाळी ठरवलेली संख्या. झोपण्याआधी एकच प्रश्न विचारा: उद्या हा शेअर २५ टक्के खाली उघडला, तर माझ्या वहीत कोणता आकडा येईल? तो आकडा वाचून शांतपणे दिवा मालवता आला, तर स्टॉप कुठेही असो, चालेल. मालवता येत नसेल, तर बाजार अजून उघडा आहे. चार शेअर विका आणि मग झोपा.